दोन जीवांची, पण जेवण किती जणींचं?

दिवस गेल्याचं कळलं की घरात दोन सल्ले सुरू होतात. आई म्हणते, "आता तू दोन जीवांची आहेस, दोघांचं जेव." सासूबाई म्हणतात, "जास्त खाऊ नकोस गं, बाळ मोठं झालं तर बाळंतपण अडेल." सुनेनं ऐकायचं कुणाचं? आज आम्ही या दोन्ही सल्ल्यांची आणि त्यांच्यामधल्या एका आकड्याची गोष्ट सांगणार आहोत.

कमी खाण्याचा सल्ला फक्त आपल्याच खेड्यांत होता असं नाही. १८८९ साली जर्मनीतल्या प्रोखोव्हनिक नावाच्या डॉक्टरांनीही तो लेखी दिला. मुडदुसामुळे ज्या बायकांच्या कमरेची हाडं अरुंद राहिली होती, त्यांचं बाळ लहान राहावं म्हणून त्यांनी शेवटच्या आठवड्यांत भाकरी-बटाटे आणि पाणी कमी करायला सांगितलं. तेव्हा सिझेरियन फार धोक्याचं होतं, म्हणून हा उपाय. पण अडचण असलेल्या थोड्या बायकांसाठी निघालेला हा सल्ला पुढे धडधाकट बायकांनाही लागू झाला.

मग नेमकं किती लागतं, हे मोजलं कुणी? १९६४ साली फ्रँक हायटन आणि इझाबेला लीच यांनी गरोदरपणावर एक मोठा ग्रंथ लिहिला. बाळ, वार, वाढलेलं रक्त, आईच्या अंगावर साठणारी चरबी आणि वाढलेलं शरीर चालवायला लागणारी ऊर्जा, हा सगळा हिशेब त्यांनी मांडला. पूर्ण गरोदरपणाची बेरीज आली सुमारे ८०,००० कॅलरी. २८० दिवसांनी भागा, म्हणजे दिवसाला साधारण २८५. "रोज ३०० कॅलरी जास्त" हा सल्ला अशाच हिशेबातून रुळला.

पण हा सरासरीचा आकडा झाला. तिसरा महिना संपताना बाळाचं वजन जेमतेम पंधरा ग्रॅम असतं, त्याला कितीसं लागणार? म्हणून २००४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या अहवालानं तिमाहीप्रमाणे वाटणी केली: पहिल्या तिमाहीत रोज ८५, दुसरीत २८५, तिसरीत ४७५ कॅलरी जादा. आपल्या देशातल्या आहारतज्ज्ञांनी गरोदर बाईसाठी रोज ३५० जादा असं सांगितलं आहे.

आता हे आपल्या ताटात मांडू. पहिल्या तीन महिन्यांत एक लहान मूठ शेंगदाणे पुरे. दुसऱ्या तिमाहीत नेहमीच्या जेवणावर एक मध्यम ज्वारीची भाकरी, एक लहान वाटी वरण किंवा उसळ आणि सोबत पालेभाजी. तिसऱ्या तिमाहीत तेवढंच, शिवाय ती शेंगदाण्याची मूठ आणि कपभर दूध. बस्स. मध्यम कष्ट करणाऱ्या बाईला एरवी दिवसाला २१३० कॅलरी लागतात. ३५० म्हणजे त्याचा साधारण सहावा हिस्सा. दुप्पट नव्हे, आणि कमी तर नव्हेच.

आता आपल्याच मातीतली गोष्ट. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आहार डॉक्टरांनी लिहून ठेवला. त्या दिवसाला सुमारे १८०० कॅलरी खात होत्या, आणि बाळांचं सरासरी वजन होतं २६६५ ग्रॅम. त्यात दिसलं असं, की नुसत्या कॅलरी कमी-जास्त असल्यानं बाळाच्या वजनात फारसा फरक दिसत नव्हता. पण ज्या बायका पालेभाजी, फळं आणि दूध जास्त वेळा खात, त्यांची बाळं मोठी होती. आणि ज्यांना पाणी भरणं, शेतातलं काम असे कष्ट जास्त पडत, त्यांची बाळं लहान होती. म्हणजे जादा भाकरीइतकाच प्रश्न आहे भाजीचा, आणि डोक्यावरचा हंडा कोण उतरवतं याचा.

हे आकडे सगळ्यांना सारखे नाहीत. ते साधारण बारा किलो वजन वाढावं असं धरून काढलेले आहेत. जी आधीच हडकुळी आहे किंवा नवव्या महिन्यापर्यंत खुरपायला जाते, तिला जास्त लागतं. जिचं वजन आधीच जास्त आहे किंवा जिला साखर आहे, तिनं डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

आपलं बरोबर चाललंय का, हे काटा सांगतो. तिसऱ्या महिन्यानंतर महिन्याला साधारण दीड ते दोन किलो वाढ हवी. महिनाभर वजन तसंच राहिलं किंवा घटलं, तर नर्सताईंना दाखवा. वजन एकदम वाढून चेहरा आणि हात सुजले, तर ते जेवणाचं बळ समजू नका. त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्या.

तेव्हा आईचं थोडं खरं आहे. सासूबाईंची भीती जुन्या काळी खरी होती. त्यांना हा सगळा हिशेब सांगा, आणि संध्याकाळच्या ताटात ती एक भाकरी जास्त वाढायला त्यांनाच सांगा.