१३३.३२२ : रक्तदाबाच्या एका गुणकाची कुळकथा

वैद्यकीय भौतिकशास्त्राच्या उदाहरणसंग्रहांत १२०/८० मिलिमीटर पारा हा रक्तदाब किलोपास्कलमध्ये मांडण्यास सांगितलेले असते. विद्यार्थी दोन्ही आकड्यांना स्वतंत्रपणे १३३.३२२ ने गुणतो, हजाराने भागतो आणि १६.०/१०.७ किलोपास्कल असे उत्तर लिहितो. या रीतीत काहीच अवघड नाही. परंतु ज्या गुणकावर ती उभी आहे, त्याच्या पोटात पॅरिसजवळच्या एका टेकडीवर मोजलेले गुरुत्व दडलेले आहे, ही गोष्ट उदाहरणात कोठेही दिसत नाही.

पारा रक्तदाबाच्या मापनात आला तो सोयीसाठी. इंग्लंडमधील स्टीफन हेल्स यांनी १७३३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत घोडीच्या धमनीला काचेची नळी जोडली, तेव्हा रक्त ८ फूट ३ इंच, म्हणजे सुमारे २.५१ मीटर चढले. रक्ताची घनता दर घनमीटरला १०६० किलोग्रॅम धरली, तर हा दाब सुमारे २६ किलोपास्कल किंवा १९६ मिलिमीटर पारा इतका भरतो. तोच दाब पाऱ्याने मोजला तर अडीच मीटरांची नळी वीतभर उंचीत मावते, आणि १८२८ साली प्वाझय यांनी पॅरिसमध्ये पाऱ्याची वाकडी नळी वापरून नेमके हेच साधले. पुढे रीवा-रोच्ची यांचा दंडपट्टा (१८९६) आणि कोरोत्कोव यांची ध्वनिपद्धती (१९०५) आली, तरी मापनाचा पारा कायम राहिला.

मिलिमीटर हे उंचीचे एकक असल्याने उंचीचा दाब करण्यासाठी घनता आणि गुरुत्वत्वरण यांनी गुणावे लागते. ० अंश सेल्सिअसला पाऱ्याची घनता दर घनमीटरला १३,५९५.१ किलोग्रॅम आणि गुरुत्वत्वरण दर सेकंदवर्गाला ९.८०६६५ मीटर धरल्यास एक मिलिमीटर उंचीचा दाब १३३.३२२ पास्कल येतो. यांतील ९.८०६६५ हा आकडा १९०१ साली वजनमापांच्या तिसऱ्या सर्वसाधारण परिषदेने मान्य केला. पॅरिसजवळच्या सेव्र येथील ब्रतय मंडपात दफोर्ज यांनी केलेल्या मापनातून मिळालेले ९.८०९९१ हे मूल्य १.०००३३२२ ने भागून, म्हणजे ४५ अंश अक्षांश आणि समुद्रसपाटी यांना अनुसरून दुरुस्त करून, तो ठरला होता.

या वंशावळीला एक प्रतिस्पर्धी आहे. अनेक पाठ्यपुस्तके १,०१,३२५ पास्कल या प्रमाणित वातावरणदाबाला ७६० ने भागून तोच गुणक काढतात आणि त्यामुळे त्याचे मूळ हवेच्या दाबात आहे असा समज होतो. दोन्ही मार्गांच्या उत्तरांत सत्तर लाखांत एक इतकाच फरक पडतो, म्हणून उदाहरण सोडवताना कोणताही मार्ग चालतो. परंतु वंशाचा प्रश्न असेल तर पहिल्याच मार्गाचा हक्क बलवत्तर ठरतो. कारण ७६० × १३.५९५१ × ९.८०६६५ हा गुणाकार १,०१,३२५.०१ येतो, आणि १९५४ साली दहाव्या परिषदेने व्याख्येत घेतलेला वातावरणदाब हा त्याचाच पूर्णांक आहे. म्हणजे हवेचा दावाही अखेरीस ब्रतयच्या गुरुत्वापाशीच पोहोचतो.

याचा व्यवहारात काय परिणाम होतो, हे मुंबईचे उदाहरण घेऊन तपासता येते. तेथे गुरुत्वत्वरण सुमारे ९.७८६ असून ३० अंश तापमानाला पाऱ्याची घनता सुमारे १३,५२२ भरते, त्यामुळे मोजपट्टीने नेमका १२० मिलिमीटर भरणारा पाऱ्याचा स्तंभ १६.०० ऐवजी १५.८८ किलोपास्कल दाब दाखवतो, म्हणजेच प्रमाणित ११९.१ मिलिमीटर. रक्तदाबमापकाची पट्टी दोन-दोन मिलिमीटरांची असल्याने रुग्णाच्या बाबतीत हा फरक बिनमहत्त्वाचा ठरतो. मात्र गुणक म्हणजे त्या त्या खोलीतील पाऱ्याचे वजन नसून संकेताने ठरवलेला एक आकडा आहे, हे त्यातून स्पष्ट होते.

सुरुवातीच्या उदाहरणात तीन चुका सहज होतात. १२० ला ८० ने भागून एकच उत्तर काढणे ही पहिली, कारण ती तिरपी रेघ भागाकाराची नसून हृदयाच्या आकुंचनाचा आणि शिथिलतेचा असे दोन दाब वेगळे दाखवणारी आहे. उत्तरात वातावरणाचे १०१ किलोपास्कल मिळवणे ही दुसरी, कारण रक्तदाब हा वातावरणदाबापेक्षा जास्त असलेला दाब म्हणूनच सांगितला जातो. १५.९९८६ असे लिहिणे ही तिसरी, कारण मूळ वाचनात तितकी अचूकता नसते. उत्तर पडताळण्यासाठी मिलिमीटरांना २ ने गुणून १५ ने भागावे. ९० मिलिमीटरांचे बरोबर १२ किलोपास्कल येतात.

पास्कल हे नाव १९७१ साली स्वीकारले गेले, तरीही दवाखान्यांत मिलिमीटर टिकले आहेत. सवयीबरोबरच वाचनाची सोय हेही त्याचे एक कारण असू शकते, कारण पट्टीवरील दोन मिलिमीटरांचे एक घर किलोपास्कलमध्ये ०.२७ इतके अडनिडे पडते. पाऱ्याची मापके मिनामाता करारामुळे मागे पडत असली, तरी त्यांच्या जागी आलेली विद्युत मापकेही आपले वाचन पाऱ्याच्या मिलिमीटरांतच दाखवतात.