सहाव्या स्लाइडवर न लिहिलेले

रेकॉर्ड केलेल्या व्याख्यानाचे टिपण करायचे तर स्लाइडची पीडीएफ पुरते, असे बहुतेक विद्यार्थी मानतात. मुद्दे वक्त्यानेच वेचून दिलेत, मग त्याचे बोलणे कशाला उतरवायचे, हा पूर्वपक्ष. वक्ता नुसत्या स्लाइड वाचून दाखवत असेल तर तो मला मान्य आहे. पण चांगला वक्ता स्लाइडवर निष्कर्ष ठेवतो आणि त्याच्या अटी तोंडी सांगतो.

माळव्यातल्या देवासचे उदाहरण घेऊ. १९९० साली या शहरासाठी रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि २००६पासून जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी शेततळी खोदायला घेतली. समजा, शेततळ्यांवरच्या व्याख्यानातली सहावी स्लाइड अशी आहे: Q = C × P × A. वाहून येणारे पाणी म्हणजे अपधाव गुणांक, पाऊस आणि क्षेत्र यांचा गुणाकार. खाली उदाहरण: एक हेक्टर, १,००० मिमी पाऊस, C = ०.२, उत्तर २,००० घनमीटर. स्लाइडपुरते टिपण केले तर हा आकडा मोसमाच्या कुठल्याही पावसाला लावला जाईल. वक्ता मात्र सांगतो की उन्हाळ्यात माळव्याच्या काळ्या मातीला खोल भेगा पडतात, पहिले पाऊस त्यांत जिरतात आणि तळ्यात फारसे काही येत नाही. माती फुगून भेगा मिटल्या की मग पाणी वाहू लागते. म्हणजे ०.२ ही सगळ्या मोसमाची सरासरी झाली, एका सरीचा हिशेब तिच्यावर बांधता येत नाही.

यावर काही जण म्हणतील, स्लाइड जितका वेळ पडद्यावर होती तितके बोलणे तिच्याखाली टाका, झाले. मला हे पहिल्या मतापेक्षाही घातक वाटते, कारण असे टिपण पूर्ण दिसते. समजा, सहावी स्लाइड १४:१० ते १७:४० होती आणि भेगांची गोष्ट निघाली २१:०५ला, एका श्रोत्याच्या प्रश्नावरून. तेव्हा पडद्यावर आठवी स्लाइड होती, प्लास्टिक अस्तराच्या खर्चाची. घड्याळाने कापले तर भेगा अस्तराखाली जातात आणि सूत्र उघडे पडते. उलटही होते: स्लाइड बदलण्याआधीच वक्ता पुढचा विषय सुरू करतो, आणि त्याची पहिली दोन वाक्ये मागच्या पानावर राहतात.

म्हणून स्लाइड बदलण्याच्या वेळा आधी नोंदवाव्यात, पण त्या खुणांपुरत्याच वापराव्यात. एकाच स्लाइडवर ओळी एकेक करून उमटत असतील तर सगळ्या मिळून एकच स्लाइड धरावी. मग लिखित प्रत वाचताना प्रत्येक परिच्छेद कोणत्या आकृतीबद्दल किंवा सूत्राबद्दल आहे ते पाहावे. ‘इथे’, ‘हा आकडा’, ‘मघाचे सूत्र’ हे शब्द आले की व्हिडिओ थांबवून बोट कुठे आहे ते बघावे, कारण लिखित प्रतीत ते बोट नसते. सहाव्या स्लाइडच्या नोंदीत सूत्र, उदाहरण, भेगांची अट आणि दोन वेळा येतील: १४:१०–१७:४० आणि २१:०५. बोलताना वक्त्याने एखादा आकडा बदलला तर स्लाइडवरचा आणि तोंडचा, दोन्ही आकडे कोणता कुठला ते सांगून लिहावेत. त्यातला एक गुपचूप निवडण्याचा अधिकार टिपण करणाऱ्याला नाही.