सिंधूसाठी रडणारे आणि 'वन्समोअर' म्हणणारे

भिवंडीतल्या आमच्या घरी शेजारच्या यंत्रमागांचा खडखडाट दिवसभर चालू असतो. त्यातच माझी आजी मोबाइलवर 'एकच प्याला' बघत बसली होती. सिंधूच्या हालअपेष्टा बघून तिच्या डोळ्यांना धार लागली होती. तेवढ्यात ती डोळे पुसत मला म्हणाली, "गॅसवर दूध ठेवलंय, बघ गं." मी विज्ञान शाखेची, त्यामुळे पहिला प्रश्न हाच पडला, की सिंधू अस्तित्वातच नाही हे जिला पक्कं माहीत आहे, ती रडते कशासाठी?

तत्त्वज्ञानात या प्रश्नाची नेटकी मांडणी कॉलिन रॅडफर्ड याने 1975 मध्ये केली. तीन विधानं घ्या. एक, काल्पनिक पात्रांसाठी आपल्याला खऱ्या भावना होतात. दोन, ती पात्रं खरी नाहीत हे आपल्याला माहीत असतं. तीन, एखाद्यासाठी खरी भावना व्हायची तर तो खरा आहे असं वाटावं लागतं. सुटी घेतली तर तिन्ही पटतात, पण एकत्र टिकत नाहीत. रॅडफर्ड म्हणाला, आपण इथे विसंगतच वागतो. केंडल वॉल्टनने 1978 मध्ये पहिलं विधान नाकारलं. त्याच्या मते सिनेमात वाटते ती खरी भीती नव्हे, तर कल्पनेच्या खेळातली भीतीसारखी अवस्था.

आता मागे, 1919 सालच्या बडोद्यात चला. राम गणेश गडकरी जानेवारीत वारले आणि फेब्रुवारीत गंधर्व नाटक मंडळीने 'एकच प्याला' रंगभूमीवर आणलं. दारूपायी सुधाकराचा संसार उद्ध्वस्त होतो, मूल जातं, सिंधूही मरते. सिंधूची भूमिका बालगंधर्वांची, म्हणजे एका पुरुषाची. प्रेक्षकांना हे ठाऊक होतं. सिंधू खोटी आणि तिचं बाईपणही खोटं, असं दुहेरी ज्ञान असूनही लोक ढसाढसा रडायचे. 'नाटक बघताना आपण भान हरपतो' हे नेहमीचं उत्तर इथेच अडतं. भान खरंच हरपलं असतं, तर कोणीतरी स्टेजवर धावून सुधाकराच्या हातचा प्याला हिसकावला असता. प्रेक्षक उलट पदाला 'वन्समोअर' द्यायचे. खरोखर दुःखात असलेल्या बाईला कोणी तेच गाणं पुन्हा म्हणायला सांगत नाही.

याच बडोद्यात दोन वर्षांनी, 1921 च्या साहित्य संमेलनात, अध्यक्ष न. चिं. केळकरांनी 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. शब्द योगशास्त्रातला आहे. निर्विकल्प समाधीत 'मी' आणि 'ते' हा भेदच उरत नाही, सविकल्प समाधीत तो उरतो. केळकरांचं म्हणणं थोडक्यात असं, की वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःची भूमिका सोडत नाही. एकाच वेळी दोन ठिकाणी असण्यातच वाङ्मयाचा आनंद आहे.

हे रॅडफर्डच्या चौकटीत ठेवून बघा. केळकर पहिलं विधान मान्य करतात आणि दुसरंही. मग पडतं ते तिसरं. पण ते आणखी एक पाऊल पुढे जातात. पात्र खोटं असल्याची जाणीव ही त्यांच्याकडे अडचण नाहीच, ती अनुभवाचाच भाग आहे. ती असल्यामुळेच सिंधूचं दुःख आपण सोसू शकतो आणि तिकीट काढून पुन्हा बघायलाही जातो.

इथे एक सावधगिरी बाळगा. 'केळकरांनी रॅडफर्डच्या चोपन्न वर्षं आधी कोडं सोडवलं' असं लिहायचा मोह होतो. माझ्या पहिल्या मसुद्यात मी ते लिहिलंही होतं आणि नंतर खोडलं. केळकरांचा प्रश्न होता, वाङ्मयातून आनंद का होतो? रॅडफर्डचा प्रश्न होता, ही भावना सुसंगत आहे का? अनुभव तोच असला तरी प्रश्न वेगळे आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्याला लावताना ते आपण लावतोय, हे स्पष्ट लिहावं लागतं.

शिवाय केळकरांच्या उत्तरात एक जागा मोकळी राहते. रडू सिंधूसाठी आणि वन्समोअर बालगंधर्वांच्या गळ्यासाठी असेल तर? मग प्रेक्षक एकाच वेळी दोन ठिकाणी नाही, तर भराभर इकडून तिकडे जातोय. 'एकाच वेळी' आणि 'आळीपाळीने' यांतला फरक नुसत्या आठवणींवरून ठरत नाही, कारण आठवणीत दोन्ही सारखेच दिसतात. आजीला विचारलं, "दूध आठवलं तेव्हा सिंधूला विसरली होतीस का?" ती म्हणाली, "विसरेन कशाला? दोघीही होतोच की आम्ही तिथं."

केळकरांच्या बाजूने हे एक मत धरता येईल. पुरावा म्हणून मात्र मी ते अजून मांडणार नाही.