न छापलेला आठवा भाग: गाउस, गाल्वा आणि अविभाज्य बहुपदींची मोजदाद

१/
इ.स. १८०१ मध्ये लाइपझिग येथे कार्ल फ्रीडरिख गाउसचा ‘डिस्क्विझिशनेस अरिथमेटिके’ हा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचे भाग सात. पण ग्रंथात काही ठिकाणी वाचकाला आठव्या भागाचा हवाला दिलेला आढळतो, आणि तो भाग पुस्तकात नाही. गाउसने तो लिहिला होता, छापला मात्र नाही. २३ फेब्रुवारी १८५५ रोजी त्याचे निधन झाले, तेव्हाही तो हस्तलिखितांच्या गठ्ठ्यातच होता. त्या कागदांत एका नेमक्या प्रश्नाचे उत्तर होते: ठरावीक कोटीच्या अविभाज्य बहुपदी किती? त्याच उत्तराकडे नेणारी दुसरी वाट पॅरिसमधील एका अठरा वर्षांच्या मुलाने काढली. हा धागा त्या दोन वाटांचा आहे.

२/
प्रथम प्रश्न समजून घेऊ. आज सोमवार असेल तर दहा दिवसांनी गुरुवार येतो. वारांच्या हिशेबात १० आणि ३ एकच. सातने भागून उरणाऱ्या ० ते ६ या सात बाक्यांची बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार तर करता येतोच. शिवाय ७ ही मूळ संख्या असल्यामुळे शून्याखेरीज कोणत्याही बाकीने भागताही येते. अशा मोजक्या संख्यांच्या, तरीही चारही क्रिया चालणाऱ्या संचाला आज ‘सांत क्षेत्र’ म्हणतात.

३/
या सात संख्या सहगुणक म्हणून घेऊन बहुपदी लिहिता येतात. जी बहुपदी दोन लहान कोटींच्या बहुपदींचा गुणाकार म्हणून लिहिता येत नाही, ती अविभाज्य. उदाहरणार्थ x³ − 2. तीन कोटीची बहुपदी फुटायची तर तिला एक कोटीचा अवयव हवाच, म्हणजे या सात संख्यांत तिचे एखादे मूळ हवे. ० ते ६ यांचे घन घेतले तर बाकी ०, १ किंवा ६ एवढीच येते. २ कधीच येत नाही. म्हणून x³ − 2 फुटत नाही.
तीच बहुपदी ३ ने किंवा ५ ने गुणून नवी म्हणून मोजली जाऊ नये, यासाठी सर्वांत मोठ्या घाताचा सहगुणक १ असलेल्या, म्हणजे ‘मॉनिक’ बहुपदीच धरायच्या. तीन कोटीच्या अशा बहुपदी ७ × ७ × ७ = ३४३. त्यांपैकी अविभाज्य किती?

४/
गाउसची वाट सरळ मोजणीची होती. प्रत्येक मॉनिक बहुपदी अविभाज्य अवयवांत एकाच प्रकारे फुटते. म्हणून फुटणाऱ्या सगळ्या मोजायच्या आणि एकूण संख्येतून वजा करायच्या. दोन कोटीसाठी हे सोपे आहे. p या मूळ संख्येच्या हिशेबात एक कोटीच्या p बहुपदी असतात, त्यांच्या जोड्यांचे गुणाकार p(p+1)/2 होतात, उरतात p(p−1)/2. कोटी सहा असेल तर मात्र अवयवांच्या कोटी १+५, २+४, १+१+४ अशा दहा प्रकारे जुळतात आणि प्रत्येक प्रकार वेगळा मोजावा लागतो. गाउसने या गुंत्यातून सर्व कोटींना लागू पडणारे सूत्र काढले.

५/
या श्रमाचे कारण त्याने स्वतःच नोंदवले आहे. फुटत नाहीत अशा बहुपदींना ‘काल्पनिक’ मुळे असतात असे मानून चालले असते, तर पुढचे विवेचन कितीतरी आटोपशीर झाले असते, हे त्याला दिसत होते. तरीही ती मुभा त्याने घेतली नाही. जे अस्तित्वात असल्याचे सिद्ध केलेले नाही, त्याच्या आधारावर काही उभारायचे नाही, हा त्याचा बाणा होता.

६/
जून १८३० मध्ये पॅरिसच्या फेरुसाक यांच्या ‘ब्युलेतँ’मध्ये संख्यासिद्धान्तावरील एक छोटा लेख आला. लेखक एव्हारिस्त गाल्वा. गाउसने टाळलेली मुभा त्याने पहिल्याच पानांत घेतली. x³ − 2 ला सातच्या हिशेबात मूळ नाही ना? मग एक काल्पनिक मूळ मानू आणि त्याला i म्हणू; i³ = 2. उदाहरण त्याचेच आहे. आता a + bi + ci² अशा संख्या तयार होतात. a, b, c प्रत्येकी सात प्रकारचे, म्हणून एकूण ३४३. या ३४३ संख्यांतही चारही क्रिया चालतात: सातच्या क्षेत्रावर उभे राहिलेले मोठे क्षेत्र.

७/
या क्षेत्राचा एक गुण मोजणीची किल्ली ठरतो. त्यातील एखादी संख्या एखाद्या बहुपदीचे मूळ असेल, तर तिचा सातवा घातही त्याच बहुपदीचे मूळ असतो. i घेऊन पाहू. i⁷ = i × (i³)² = 4i. पुन्हा सातवा घात घेतला तर 2i. आणखी एकदा घेतला तर परत i. आता i, 4i, 2i या तिघांचे घन करावेत: 2, 128, 16. सातने भागल्यावर तिन्हींची बाकी २. म्हणजे तिघेही x³ − 2 चीच मुळे. एक मूळ मानले, तर उरलेली दोन आपोआप त्याच क्षेत्रात हजर झाली.

८/
आता मोजणी किती सोपी झाली ते पाहावे. ३४३ पैकी ७ संख्या मूळच्या लहान क्षेत्रातल्या. त्या एक कोटीच्या बहुपदींची मुळे. उरलेल्या ३३६ पैकी प्रत्येक संख्या तीन कोटीच्या एका, आणि एकाच, अविभाज्य मॉनिक बहुपदीचे मूळ असते. उलट अशा प्रत्येक बहुपदीची तीन वेगवेगळी मुळे या क्षेत्रात सापडतात. म्हणजे ३३६ संख्या तिघा-तिघांच्या गटांत विभागल्या जातात, आणि ३३६ ÷ ३ = ११२. फुटणाऱ्या बहुपदींपैकी एकही मोजावी लागली नाही.

९/
तीन ही मूळ संख्या असल्याने येथे वजा करायला एकच लहान क्षेत्र होते. कोटी सहा असली की खरी गंमत सुरू होते. सोयीसाठी ० आणि १ या दोनच संख्यांचे क्षेत्र घेऊ. सहा कोटीसाठी ६४ संख्यांचे क्षेत्र लागते. त्याच्या पोटात लहान क्षेत्रे कोणती? ज्याची संख्यागणती कोणत्यातरी पूर्ण घाताला ६४ होते, तीच. ६४ = ८² = ४³ = २⁶; म्हणून ८, ४ आणि २ संख्यांची उपक्षेत्रे आहेत; १६ किंवा ३२ ची नाहीत. थोडक्यात, ६ चे जे विभाजक १, २, ३, तीच उपक्षेत्रांची यादी.
जी संख्या यांपैकी कोणत्याही उपक्षेत्रात नाही, तिची अविभाज्य बहुपदी सहा कोटीची. अशा संख्या मोजून ६ ने भागायचे.

१०/
येथे हमखास चूक होते. ६४ मधून ४ आणि ८ वजा केले तर ५२ उरतात, आणि ५२ ला ६ ने भाग जात नाही. भाग न जाणे हीच चुकीची खूण, कारण गट पूर्ण सहांचेच असले पाहिजेत. घाईने २ संख्यांचे क्षेत्रही वेगळे वजा केले तर ५० उरतात. तोही आकडा बसत नाही.
चूक कोठे? ४ चे क्षेत्र ८ च्या क्षेत्रात मावत नाही, कारण ८ हा ४ चा पूर्ण घात नाही. पण ० आणि १ दोन्हींत आहेत. ४ आणि ८ वजा करताना ते दोनदा वजा झाले. म्हणून एकदा परत मिळवायचे. ६४ − ४ − ८ + २ = ५४, आणि ५४ ÷ ६ = ९. सहा कोटीच्या अविभाज्य बहुपदी नऊ.
ताळाही करता येतो. एक कोटीच्या दोन बहुपदींची २ मुळे, दोन कोटीच्या एकमेव x² + x + 1 ची २, तीन कोटीच्या x³ + x + 1 आणि x³ + x² + 1 यांची मिळून ६, आणि सहा कोटीच्या नऊंची ५४. बेरीज बरोबर ६४.

११/
कोटी बारा असेल तर? ४०९६ संख्यांचे क्षेत्र घ्यावे. त्यातील मोठी उपक्षेत्रे दोन, ६४ ची आणि १६ ची. त्यांचा सामाईक भाग ४ चा. ४०९६ − ६४ − १६ + ४ = ४०२०, आणि १२ ने भागून ३३५. ८ संख्यांचे उपक्षेत्र या हिशेबात कोठेच आले नाही, कारण ते ६४ च्या पोटात आहे आणि त्याच्याबरोबर आधीच वजा झाले आहे.
कोणते उपक्षेत्र वजा, कोणते अधिक आणि कोणते गैरहजर, याचा नियम आज म्योबियसच्या नावाने ओळखला जातो. ते फल त्याने १८३२ मध्ये वेगळ्याच संदर्भात अभ्यासले होते. १८५७ मध्ये रिचर्ड डेडेकिंडने आपल्या लेखात हा उलटा हिशेब करण्याचा नियम मांडला आणि त्यातून अविभाज्य बहुपदींची संख्या काढली.

१२/
मग गाउसचे श्रम वाया गेले काय? नाही. गाल्वाची बांधणी सुरूच होते ती एका अविभाज्य बहुपदीपासून. सातच्या हिशेबात x³ − 2 हाताशी होती. पण कोणत्याही मूळ संख्येसाठी आणि कोणत्याही कोटीसाठी अशी एक तरी बहुपदी असेलच, याची हमी कोण देणार? मोजणीचे सूत्र ती हमी देते, कारण वजा होणाऱ्या सगळ्या संख्या मिळूनही मूळ संख्येपेक्षा लहानच राहतात. उत्तर कधी शून्य येत नाही. मात्र उपक्षेत्रांची मोजणी करायला मोठे क्षेत्र आधी हाती असावे लागते, आणि ते क्षेत्र अविभाज्य बहुपदीवरच उभारायचे असेल तर युक्तिवाद स्वतःभोवतीच फिरतो.
गाउसने क्षेत्र मानलेच नव्हते. त्याची मोजणी केवळ बहुपदींची होती, म्हणून तिच्यातून मिळणारी हमी निर्भेळ आहे. गाल्वाच्या लेखातही एक सुटकेची वाट आहे: p ही मूळ संख्या आणि n ही कोटी असता, pⁿ घाताच्या x − x या फरकाची सगळी मुळे एकदम मानायची आणि त्यातून लहान कोटींचे सामाईक अवयव काढून टाकायचे. उरते ते n कोटीच्या अविभाज्य बहुपदींचा गुणाकार. आजची पाठ्यपुस्तके बहुधा याच वाटेने जातात; अशी मुळे खरोखर मानता येतात, हे मात्र ती आधी सिद्ध करून घेतात.

१३/
गाल्वा ३१ मे १८३२ रोजी, विसाव्या वर्षी, द्वंद्वयुद्धातील जखमेने मरण पावला. गाउसचा आठवा भाग १८६३ मध्ये त्याच्या समग्र ग्रंथांच्या दुसऱ्या खंडात प्रथम छापला गेला, आणि तो वाचकांपुढे आणण्याचे काम डेडेकिंडनेच केले. गाउसने टाळलेली काल्पनिक मुळे गाल्वाने तेहतीस वर्षांपूर्वीच छापून टाकली होती. हे त्याला कधी कळलेच नाही, की आपण मांडलेल्या संख्यांची मोजदाद त्याच्या जन्माआधीच कोणीतरी करून ठेवली होती.