मटण कठीण का होते? कत्तलीनंतरचा सामू आणि तापमान

चांगल्या, तरुण बोकडाचे मटणही कधी कधी चिवट लागते. त्याचे कारण बहुधा कत्तलीनंतरच्या पहिल्या काही तासांत दडलेले असते.

कत्तलीनंतर रक्तपुरवठा थांबतो आणि स्नायूंना ऑक्सिजन मिळत नाही. तरीही स्नायूपेशी साठवलेल्या ग्लायकोजेनपासून एटीपी ही ऊर्जा तयार करत राहतात. या क्रियेत लॅक्टिक आम्ल साचते आणि स्नायूंचा सामू सुमारे 7 वरून 24 तासांत 5.5 ते 5.8 पर्यंत उतरतो. एटीपी संपली की अ‍ॅक्टिन व मायोसिन ही प्रथिने एकमेकांना घट्ट धरून ठेवतात आणि स्नायू ताठ होतात. यालाच मरणोत्तर ताठरता म्हणतात. ताठरता येताना स्नायू किती आखडलेला आहे, यावर मांसाचा मऊपणा मोठ्या प्रमाणात ठरतो.

थंडीने आखडणे

सामू 6 पेक्षा जास्त असताना स्नायूचे तापमान 10 अंश सेल्सिअसच्या खाली गेले, तर पेशीतील कॅल्शियम बाहेर पडते. एटीपी अजून शिल्लक असल्याने स्नायू जोरात आकुंचन पावतो आणि तसाच ताठ होतो. शेळी-मेंढीचे शरीर लहान असते आणि त्यावर चरबीचा थर पातळ असतो. त्यामुळे ते लवकर गार होते व हा धोका वाढतो.

समजा, एकाच कळपातील दोन बोकड कापले. पहिल्याचे शरीर लगेच 2 अंशाच्या शीतगृहात टांगले. चार तासांनी कमरेच्या स्नायूचे तापमान 8 अंश, पण सामू 6.4 भरला. हे मटण चिवट होणार. दुसरे शरीर स्वच्छ खोलीत 12 ते 15 अंशांना ठेवले आणि सामू 6 च्या खाली आल्यावरच शीतगृहात नेले. हे मटण तुलनेने मऊ राहील. मात्र शरीर उघड्यावर, खोलीच्या तापमानात ठेवू नये. त्याने जिवाणू झपाट्याने वाढतात.

दोष कसा ओळखावा?

24 तासांनी कमरेच्या स्नायूत सामूमापकाची सुई खुपसून नोंद घ्यावी. सामू 5.5 ते 5.8 असूनही मटण चिवट असेल, तर शीतकरणाची वेळ तपासावी. सामू 6 च्या वर आणि मांस गडद, कोरडे असेल, तर दोष कत्तलीपूर्वीचा आहे. लांबचा प्रवास, उपासमार किंवा भीतीमुळे ग्लायकोजेन आधीच संपलेले असते, म्हणून आम्ल पुरेसे तयार होत नाही. असे मांस लवकर खराब होते.

ताठरतेनंतर 2 ते 4 अंशांना दोन-तीन दिवस ठेवल्यास कॅल्पेन विकरे स्नायूतंतू सैल करतात व मांस मऊ होते. मात्र थंडीने फार आखडलेल्या स्नायूत या मुरवण्याचा उपयोग कमी होतो. म्हणून मटण कधी थंड करायचे, हे घड्याळापेक्षा सामू पाहून ठरवावे.