जामिनावर सुटका : खैरलांजीच्या बातमीतले चार शब्द

२००६ साली मी बारावीत होतो. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या वस्तीत तेव्हा एकच वर्तमानपत्र यायचे, तेही बुद्धविहारात. संध्याकाळी म्हातारी माणसे जमली की शिकणाऱ्या पोरांपैकी कोणीतरी ते मोठ्याने वाचून दाखवायचे. खैरलांजीच्या बातम्या मी असा अनेक संध्याकाळी वाचल्या. वाचताना 'जामिनावर सुटका' हे शब्द आले आणि माझ्या आजीने मला थांबवले. "सुटले म्हनजे का झालं रे? कोर्टानं त्यायले सोडून देल्लं का?" मला उत्तर देता आले नाही. शब्द वाचता येत होता, त्याचा अर्थ माहीत नव्हता. मी वाचनाची गाडी पुढे रेटली.

पुढे मी इतिहासाचा शिक्षक झालो. पण आजीचा तो प्रश्न मागे लागून राहिला, कारण खैरलांजीचा इतिहास त्याच शब्दापासून सुरू होतो.

घटनाक्रम आठवू या. मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत भोतमांगे हे बौद्ध कुटुंब राहत होते. ३ सप्टेंबर २००६ रोजी त्यांच्या परिचयातल्या, शेजारच्या गावच्या बौद्ध पोलीस पाटलाला मारहाण झाली. त्या प्रकरणात सुरेखा भोतमांगे आणि त्यांची मुलगी प्रियंका यांनी पोलिसांना जबाब दिले, मारणारे ओळखले. आरोपींना अटक झाली. २९ सप्टेंबरला त्यांना मोहाडीच्या कोर्टातून जामीन मिळाला. त्याच संध्याकाळी जमाव भोतमांग्यांच्या घरावर चालून गेला. सुरेखा, प्रियंका आणि रोशन व सुधीर ही दोन मुले मारली गेली. वडील भैयालाल तेवढे वाचले.

म्हणजे जामीन आणि हत्याकांड यांत एक रात्रसुद्धा गेली नाही. असे असूनही हत्याकांडाच्या बातमीत जामिनाचा उल्लेख आला तो एका ओळीत, जाता जाता. तो शब्द नीट वाचता आला असता तर आपण कोणते प्रश्न विचारले असते, हे मला इथे मांडायचे आहे.

'जामीन' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. मूळ अर्थ हमी घेणारा माणूस. 'मी त्याला जामीन राहतो' असे आपण आजही म्हणतो, तेव्हा तोच जुना अर्थ बोलतो. आरोपी तारखेला हजर होईल, नाही झाला तर ठरलेली रक्कम मी भरीन, अशी ती हमी. म्हणून जामीन म्हणजे निर्दोष मुक्तता नव्हे. खटला तसाच उभा राहतो, आरोपी फक्त कोठडीबाहेर थांबून त्याला तोंड देतो. 'सुटका' हा शब्द बातमीदार दोन्ही ठिकाणी वापरतात आणि घोटाळा तिथेच होतो. आरोपीच्या बाजूचे गावात सांगत फिरतात, "कोर्टाने सोडले." फिर्यादीच्या बाजूचे खचतात. जामिनाच्या दिवशी फटाके वाजतात ते याच गैरसमजावर.

दुसरी गोष्ट, जामीन नेहमी न्यायाधीशाच्या मर्जीवर नसतो. कायद्याने गुन्ह्यांचे दोन भाग केले आहेत. साध्या मारहाणीसारखा गुन्हा जामीनपात्र असतो. तिथे जामीन हा आरोपीचा हक्क आहे, कोर्टाला नाही म्हणता येत नाही. घातक हत्याराने गंभीर दुखापत, खुनाचा प्रयत्न, अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार हे गुन्हे अजामीनपात्र. तिथे कोर्ट विचार करते आणि नाकारूही शकते. म्हणून जामिनाचा निकाल पुष्कळदा कोर्टात लागतच नाही. पोलीस ठाण्यात फिर्याद लिहिताना कोणते कलम लागले, तिथेच तो लागून जातो. बातमीत 'मारहाण' एवढेच छापलेले असते. आपण कलम विचारले पाहिजे.

अॅट्रॉसिटीच्या केसमध्ये जामीनच मिळत नाही, असे आपल्या कार्यकर्त्यांतही बोलले जाते. ते बरोबर नाही. त्या कायद्याचे कलम १८ अटकपूर्व जामिनाला आडवे येते. अटकेनंतरचा जामीन मिळू शकतो आणि मिळतोही.

हाच जामीन गरिबाच्या वाट्याला कसा येतो, तेही पाहिले पाहिजे. मध्य प्रदेशातल्या मोती राम नावाच्या गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला होता. खालच्या कोर्टाने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला. १९७८ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे चूक ठरवले. ज्याच्यापाशी सातबारा आहे त्याला जामीनदार लवकर मिळतो. भूमिहीनाचा जामीन मंजूर होऊनही तो आत राहतो. तेव्हा जामीन ही वाईट गोष्ट आहे, असे आपण कधीही म्हणू नये. तुरुंगात खितपत पडलेल्यांत आपलीच माणसे आहेत. प्रश्न जामिनाचा नाही. जामीन देताना साक्षीदार कोणाच्या हिशेबात आहे, हा प्रश्न आहे.

इथे दुसरा शब्द येतो : शपथपत्र, ज्याला लोक अॅफिडेव्हिट म्हणतात. आपल्या लोकांना तो शब्द तहसील कचेरीतून माहीत आहे. जातीच्या दाखल्यासाठी, शिष्यवृत्तीसाठी स्टॅम्पपेपरवर लिहून दिले, शपथ घेतली, सही-अंगठा केला की काम झाले. त्यामुळे पोलिसांना दिलेला जबाबही तसाच पक्का, असे लोक समजतात. प्रत्यक्षात पोलिसांपुढच्या त्या जबाबाला शपथ नसते, आणि कायद्याप्रमाणे त्यावर साक्षीदाराची सहीसुद्धा घ्यायची नसते. तो पुरावा नव्हे. पुरावा होतो तो साक्षीदार स्वतः कोर्टात उभा राहून, शपथेवर बोलला आणि उलटतपासणीला सामोरा गेला म्हणजे. तत्पूर्वी साक्षीदार मेला, तर पोलिसांनी लिहून घेतलेले त्याचे शब्द फिर्यादी पक्षाच्या फारसे कामाचे राहत नाहीत.

या नियमामागे चांगले कारण आहे. पोलिसांनी वाटेल ते लिहून कोणालाही अडकवू नये म्हणून तो केला आहे. पण त्याची दुसरी बाजू खैरलांजीत दिसते. जबाब दिल्यापासून कोर्टात साक्ष होईपर्यंत सगळी केस साक्षीदाराच्या श्वासावर टांगलेली असते. नेमक्या याच काळात जामीन होतो. सुरेखा आणि प्रियंका त्या काळात उभ्या होत्या.

या दोन मुक्कामांच्या मध्ये तिसरा शब्द आहे : समन्स. समन्स आले म्हटले की आपल्या घरी रडारड होते, कारण समन्स म्हणजे गुन्हेगार ठरलो असे वाटते. समन्स म्हणजे कोर्टाचे बोलावणे. ते आरोपीला येते तसे साक्षीदारालाही येते. कागदावर कोर्टाचा शिक्का, तारीख, वेळ आणि कशासाठी बोलावले ते असते. साक्षीदार म्हणून आलेले समन्स घेण्याचे टाळले, तारखेला गेलो नाही, तर मात्र वॉरंट निघू शकते. भीतीने समन्स चुकवणारा साक्षीदार आरोपीचेच काम करतो.

चौथा शब्द 'तहकूब'. लोकांच्या तोंडी तो नाही, त्यांच्या तोंडी 'तारीख' आहे. "तारीख पडली" म्हणजे सुनावणी तहकूब झाली. आपल्या चळवळीला हा अनुभव जुना आहे. महाडला डिसेंबर १९२७ मध्ये तळ्यावर सत्याग्रह व्हायचा होता, त्याच्या आधीच विरोधकांनी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला आणि बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला. हुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला, पण दाव्याचा शेवटचा निकाल मुंबई हायकोर्टात लागायला मार्च १९३७ उजाडले. खैरलांजीचा खटला त्या मानाने लवकर चालला. भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये आठ जणांना दोषी धरले, तिघांना निर्दोष सोडले. दोषींपैकी सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. १४ जुलै २०१० रोजी नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची जन्मठेप केली. भैयालाल जानेवारी २०१७ मध्ये वारले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयातले अपील निकालात निघाले नव्हते.

तहकुबीचा खर्च मजुराला एका दिवसाच्या रोजीने मोजावा लागतो. साक्षीदार हजर असताना त्याची साक्ष न घेता सुनावणी पुढे ढकलायची तर कोर्टाने खास कारण लिहून ठेवले पाहिजे. अॅट्रॉसिटीच्या नियमांतल्या अकराव्या नियमाप्रमाणे पीडिताला आणि साक्षीदाराला प्रवासखर्च व दैनिक भत्ता मिळतो. तो मागावा लागतो, आणि मागणारे फार थोडे असतात.

दोन्ही कोर्टांनी खून मान्य केला, पण अॅट्रॉसिटीचा कायदा लागू केला नाही. हेतू जातीचा नव्हता, पोलीस पाटलाच्या प्रकरणात नाव घेतल्याचा सूड होता, असे धरले गेले. हा निष्कर्ष मला पटत नाही. गावातल्या बौद्ध बाईने साक्षीदार म्हणून नाव घ्यावे, हे ज्यांना सहन होत नाही त्यांच्या रागातून जात कशी वगळायची? पण निष्कर्ष क्षणभर मान्य केला तरी त्याचा अर्थ काय होतो? साक्षीसाठी मारले, हे कोर्टानेच सांगितले. म्हणजे आपला प्रश्न आणखी टोकदार होतो : मोहाडीत जामीन होत होता तेव्हा खैरलांजीत कोणाला त्याची खबर होती?

जानेवारी २०१६ पासून अॅट्रॉसिटी कायद्यात कलम १५-अ आले. जामिनाच्या सुनावणीची वेळेवर सूचना मिळण्याचा आणि तिथे बोलण्याचा पीडिताला हक्क मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हरिराम भांभी खटल्यात ही सूचना बंधनकारक आहे, असे स्पष्ट केले. आपण हे स्वागतार्ह मानतो. पण कलम नीट वाचा. एक, मूळ फिर्यादीत अॅट्रॉसिटीचे कलम लागले असेल तरच हा हक्क. दोन, सूचनेचा हक्क पीडिताला आणि त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांना आहे. साक्षीदाराला संरक्षणाचा हक्क आहे, पण जामिनाच्या सूचनेचा नाही. ३ सप्टेंबरच्या मारहाणीत पीडित होता पोलीस पाटील. सुरेखाबाई साक्षीदार होत्या. आजच्या कायद्यातही ती सूचना त्यांच्या दारी आपोआप पोचली नसती.

२०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेत साक्षीदाराला जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, पोलिसांनी धोक्याचा अहवाल कामकाजाच्या पाच दिवसांत द्यायचा असतो. त्यासाठी आधी अर्ज करावा लागतो, आणि आपल्याला धोका आज संध्याकाळी आहे हे कळावे लागते.

म्हणून कार्यकर्त्यांना माझे सांगणे एवढेच आहे. वस्तीत मारहाणीची फिर्याद झाली की पीडिताबरोबर साक्षीदारांचीही यादी करा. कोणते कलम लागले ते पहिल्याच दिवशी विचारा. जामीन अर्जाची तारीख सरकारी वकिलाकडून काढा आणि त्या दिवशी एक माणूस कोर्टात बसवा. जामीन झाला तर बातमी वर्तमानपत्रात येण्यापूर्वी साक्षीदाराच्या घरी गेली पाहिजे. धमकी आली तर लेखी द्या, कारण साक्षीदारावर दबाव आणल्यास मिळालेला जामीन रद्द करण्याचा अधिकार वरच्या कोर्टाला आहे.

आजी आता नाही. तिच्या प्रश्नाचे उत्तर मला उशिरा सापडले. कोर्टाने त्यांना सोडून दिले नव्हते, आजी. हमी घेऊन घरी पाठवले होते, आणि ती हमी फक्त त्यांच्या हजेरीची होती. सुरेखाबाईंच्या जिवाची हमी त्या कागदावर कोणी घेतली नव्हती.