हायब्रीड परिषदेत ऑनलाइन वक्त्याला स्वतःचाच आवाज परत का ऐकू येतो? ही अडचण कशी टाळतात?

सभागृह भरलेलं असतं. पडद्यावर परदेशातल्या वक्त्या दिसतात. त्या दोन वाक्यं बोलतात, अडखळतात आणि म्हणतात, "माझाच आवाज मला परत ऐकू येतोय." सभागृहात मात्र सगळं व्यवस्थित ऐकू येत असतं, त्यामुळे दोष त्यांच्या इंटरनेटचा आहे असं सगळ्यांना वाटतं.

बहुतेक वेळा तसं नसतं. ज्याला प्रतिध्वनी ऐकू येतो, त्याच्याकडे दोष नसतो. तो समोरच्या बाजूला, म्हणजे सभागृहात असतो. हायब्रीड परिषदेत, म्हणजे काही लोक समोर बसलेले आणि काही ऑनलाइन असलेल्या कार्यक्रमात, सगळ्यात जास्त गडबड इथेच होते.

नेमकं काय चुकतं?

समजा, पुण्यातल्या एका सभागृहात १२० श्रोते आहेत आणि वक्त्या टोरांटोहून झूमवर बोलणार आहेत. साउंडवाल्याच्या मिक्सरवर चार आवाज येतात: पोडियमचा माइक, सूत्रसंचालकाचा माइक, श्रोत्यांमध्ये फिरवायचा कॉर्डलेस माइक आणि झूम सुरू असलेल्या लॅपटॉपचा आवाज. हे चारही आवाज स्पीकरवर जायला हवेत.

पण झूमकडे काय पाठवायचं? घाईत बऱ्याचदा मिक्सरच्या मुख्य आउटपुटचीच एक वायर लॅपटॉपला जोडली जाते. त्या आउटपुटमध्ये वक्त्यांचा आवाजही असतो. तो इंटरनेटवरून फिरून, थोडा उशिरा, त्यांच्याच कानात जातो. स्वतःचा आवाज असा मागून ऐकू येत असताना सलग बोलणं फार अवघड जातं.

उपाय काय?

या उपायाला 'मिक्स-मायनस' म्हणतात. झूमकडे सगळे आवाज पाठवायचे, फक्त झूमवरून आलेला आवाज वगळायचा. मिक्सरवर 'ऑक्स' नावाचं वेगळं आउटपुट असतं. लॅपटॉपला वायर तिथून द्यायची. ऑक्सवर तिन्ही माइकची बटणं वर ठेवायची आणि लॅपटॉपच्या चॅनेलचं बटण शून्यावर. सभागृहाला चार आवाज, वक्त्यांना तीन.

तरीही स्पीकरमधून येणारा वक्त्यांचा आवाज सभागृहातले माइक थोडाफार पकडतात. म्हणून त्या बोलत असताना वापरात नसलेले माइक म्यूट ठेवतात. सभागृहात कुणी स्वतःच्या फोनवर तीच मीटिंग आवाजासह उघडली, तरी प्रतिध्वनी किंवा कर्कश शिट्टी सुरू होते. त्यामुळे आवाज एकाच लॅपटॉपवर सुरू ठेवायचा असतो.

टेक चेकमध्ये काय तपासतात?

"हॅलो, आवाज येतोय का?" एवढं पुरत नाही. एक चेक आदल्या दिवशी होतो. वक्त्या ज्या जागेवरून, ज्या हेडफोनवर आणि ज्या इंटरनेटवर बोलणार आहेत, तेच वापरून. वेळही तेव्हाच पक्की करतात. पुण्यात संध्याकाळचे ६ वाजतात, तेव्हा टोरांटोत जुलैमध्ये सकाळचे साडेआठ आणि जानेवारीत साडेसात वाजलेले असतात.

दुसरा चेक सभागृहात, लोक येण्याआधी. वक्त्यांनी एक ते दहा आकडे मोजायचे आणि स्वतःचा आवाज परत येतो का ते सांगायचं. मग एकाने शेवटच्या रांगेत बसून कॉर्डलेस माइकवर प्रश्न विचारायचा. तो वक्त्यांना स्पष्ट कळला, तरच चेक पूर्ण. वक्त्यांच्या स्लाइड्सची एक प्रत आणि त्यांचा फोन नंबर सभागृहातही ठेवतात. व्हिडिओ तुटला तर फोनवरून बोलणं सुरू ठेवता येतं.

मॉडरेटर दोन का लागतात?

मंचावरचा सूत्रसंचालक समोरच्या लोकांकडे बघत असतो. त्याच वेळी चॅट वाचणं त्याला जमत नाही. मग ऑनलाइन श्रोत्यांचे प्रश्न शेवटी, वेळ उरला तरच घेतले जातात. म्हणून दुसरा मॉडरेटर फक्त स्क्रीनसमोर बसतो. तो चॅटमधले प्रश्न निवडतो, सारखे प्रश्न एकत्र करतो आणि ऑनलाइन लोकांच्या वतीने माइकवर विचारतो. एक प्रश्न सभागृहातून, एक ऑनलाइन, असा क्रम आधीच ठरवलेला बरा.

कार्यक्रम यूट्यूबवर लाइव्ह असेल, तर तिथले प्रेक्षक काही सेकंद मागे असतात. त्यामुळे त्यांचे प्रश्न सत्र सुरू असतानाच गोळा करावे लागतात.

सूत्रसंचालकासाठी एक नियम पक्का: माइकशिवाय प्रश्न घ्यायचा नाही. पहिल्या रांगेतून कुणी मोठ्या आवाजात विचारलं, तर सभागृहाला ऐकू जातं, पण ऑनलाइन असलेल्यांना फक्त शांतता ऐकू येते. माइक पोहोचला नसेल, तर सूत्रसंचालकाने तो प्रश्न स्वतःच्या माइकवर पुन्हा सांगायचा आणि मगच उत्तर घ्यायचं.